भावासाठी लिहिलेल्या प्रार्थनेत हिश्श्याचा उल्लेख असावा का?

चोपडा तालुक्याची माहेरवाशीण : वडील २०११ मध्ये गेले. सहा एकर जमिनीवर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची वारस नोंद झाली. २०१४ मध्ये भावाने हक्कसोडपत्रासाठी बोलावले, तेव्हा मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयापर्यंत जाऊन सही न करता परतले. तेव्हापासून राखी नाही आणि आखाजीला मुराळी नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही आम्ही दोन टोकांना उभे होतो. येत्या आखाजीला त्याच्या दारी जाऊन, घागरीपुढे म्हणण्यासाठी खालील प्रार्थना मी लिहिली आहे. ती योग्य आहे का, हे सांगावे.

"हे कानबाई माते, ज्या घरात तुझे रोट शिजले त्या घराचे दार मला अकरा वर्षांपासून बंद आहे. दोन एकरांसाठी मी भाऊ गमावला. माझे काही चुकले असेल तर मला क्षमा कर, आणि माझ्या भावाला सद्बुद्धी दे. ती जमीन मी त्यालाच सोडली, असे समज. आई-वडिलांची घागर भरताना त्याच्या शेजारी मला उभी राहू दे."

अमळनेरचे गुरुजी : ताई, पहिली आणि शेवटची ओळ कोणाही बहिणीच्या मनातली आहे, तिला हात लावू नका. मात्र 'भावाला सद्बुद्धी दे' हे शब्द काढा, कारण ते देवीला उद्देशून असले तरी ऐकणार आहे तो भाऊ, आणि चारचौघांत आपल्याला दुर्बुद्धी असल्याचे ऐकून कोणाचेही मन वितळत नाही. 'काही चुकले असेल तर' यातील 'असेल तर' हेही तसेच आहे. काय चुकले हे तुम्हाला ठाऊक असेल तर नेमके तेवढेच लिहावे, आणि ठाऊक नसेल तर क्षमा मागू नये. आपल्या खानदेशात मेहूणला मुक्ताई आहे, आणि रुसून बसलेल्या भावाच्या बंद ताटीपुढे बहिणीने कसे बोलावे हे तिच्याकडूनच शिकण्यासारखे आहे.

पारोळ्याची सून : गुरुजी, मुक्ताईचा दाखला येथे बसत नाही. ज्ञानेश्वर जगाच्या वागण्याने व्यथित होऊन आत बसले होते; त्यांनी मुक्ताईला दाराबाहेर काढलेले नव्हते. येथे दार बहिणीवरच बंद झाले आहे, आणि तरी विनवणी तिनेच करायची, हे मला पटत नाही. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजतात. त्या मोजणीत लग्न झालेली लेक कधीच नसते. ज्या देवीच्या मोजणीतच आपण नाही, तिच्याकडे भावाच्या घरातली जागा मागायची हा मला विचित्र प्रकार वाटतो. 'ती जमीन मी त्यालाच सोडली' हे वाक्य तर मुळीच नको. ही प्रार्थना नसून देवीच्या साक्षीने केलेला सौदा आहे, आणि त्यात देणारी एकटी तुम्हीच आहात.

शिरपूरकर : एवढा काथ्याकूट कशासाठी, तेच कळत नाही. ताईंचे लग्न १९९४ च्या आधी झाले असेल, तर वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्साच नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात तसे स्पष्ट आहे आणि आमच्या भाऊबंदकीत दोन वाटण्या त्यावरच झाल्या. जे आपले नाही ते सोडल्याचे देवीला सांगण्यात काय अर्थ आहे? सरळ सही करून द्यावी आणि आखाजीला माहेरी जावे.

माजी मंडळ अधिकारी : शिरपूरकर, तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे. राज्याची दुरुस्ती २२ जून १९९४ ची, आणि तिने त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते हे बरोबर. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात लग्नाच्या तारखेची अट नाही. आणि वडील त्या दिवशी हयात असणेही आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तुमच्या भाऊबंदकीतल्या वाटण्या २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने झाल्या असतील तर त्या टिकतील, परंतु त्यावरून ताईंचे प्रकरण ठरत नाही. शिवाय वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ पासून वारस आहेच.

ताई, मला खटकते ते वेगळे आहे. तुमच्या प्रार्थनेतला 'दोन एकर' हा आकडा आता जुना झाला आहे. वडील गेले तेव्हा सहा एकरांचे तीन समान भाग झाले आणि प्रत्येकाला दोन एकर आले. जमीन वडिलोपार्जित धरली किंवा वडिलांची स्वकष्टार्जित धरली, तरी तुमच्या घरात हिशेब तेवढाच निघतो. आईने मृत्युपत्र केले नसेल, तर तिचे दोन एकर तुम्हा दोघांत निम्मे होतात, म्हणजे आज तुमचा भाग तीन एकर आहे. आईच्या पश्चात फेरफार झालेला नसेल तर सातबाऱ्यावर अजून तिचेच नाव दिसेल. तलाठ्याकडे जाण्यापूर्वी उतारा काढून एवढे पाहून घ्या. भावाला हे ठाऊक असणारच. तुम्ही त्याच्या दारात 'दोन एकर सोडले' म्हणाल, आणि तो मनात म्हणेल की आईच्या वाट्यातला एक एकर हिने मागे ठेवला.

दुसरे असे की, प्रार्थनेत म्हटल्याने जमीन सुटत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तथापि हीच ओळ तुम्ही मोबाइलवर लिहून पाठवली, तर 'बहिणीने तोंडी वाटणी मान्य केली होती' असे म्हणण्यासाठी उद्या कोणी ती पुढे करू शकेल. न्यायालय तोंडी वाटणी सहजासहजी मानत नाही, परंतु वाद मात्र आणखी काही वर्षे लांबतो. हक्क सोडायचाच असेल तर स्वतंत्रपणे, शुद्धीवर आणि घाई न करता सोडा. नोंदणी झाल्यानंतर 'भाऊ पुन्हा बोलेनासा झाला' या कारणावरून तो दस्त रद्द होत नाही.

रावेरचा केळीवाला : मी भावाच्या बाजूने बोलतो, कारण मीही भाऊ आहे. माझ्या बहिणीने न मागता हक्कसोडपत्र करून दिले, आम्ही साडी-चोळी केली, आणि त्यानंतर ती एकदाही माहेरी राहिलेली नाही. भांडण झाले नाही, पण येताना ती पाहुण्यासारखी येते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. त्यामुळे सही केली की माहेर परत मिळते, यावर माझा विश्वास उरलेला नाही. मात्र भावाची अडचणही कोणी तरी पाहावी. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असले की पीककर्जाच्या वेळी सोसायटी तिची संमती मागते. जूनच्या आधी कापसाचे बियाणे आणायचे असते आणि बहीण फोन उचलत नाही. ताई, असे काही तुमच्याकडून झाले होते का?

धुळ्याहून एक वाचक : ताईंनी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा. मोजणी होऊन स्वतंत्र गट पडला की सहीचा प्रश्नच राहत नाही.

पारोळ्याची सून : त्यांनी हिस्सा कसा मिळवावा हे विचारलेले नाही, प्रार्थना कशी असावी हे विचारले आहे.

चोपडा तालुक्याची माहेरवाशीण : केळीवाले भाऊ, तुम्ही विचारले म्हणून सांगते. झाले होते. २०१५ मध्ये भाच्याचा फोन आला की सोसायटीच्या कागदावर आत्याची सही हवी. मी यजमानांना पुढे केले आणि ते म्हणाले की आधी जमिनीचे काय ते ठरवा. त्या वर्षी भावाने सावकाराकडून पैसे घेतले आणि आईच्या पाटल्या मोडल्या. हे मला आईने पुढे दोन वर्षांनी सांगितले. प्रार्थना लिहिताना ही गोष्ट मनात होती, परंतु कागदावर 'काही चुकले असेल तर' एवढेच उतरले. आईच्या वाट्याचा विचार मात्र मी खरोखर केलेला नव्हता.

अमळनेरचे गुरुजी : मग तुमची प्रार्थना हीच आहे. एकर काढून टाका आणि पाटल्या लिहा.

पारोळ्याची सून : पाटल्यांबद्दल क्षमा मागावी, याला माझीही हरकत नाही, ती चूक खरी आहे. मात्र २०१४ मध्ये सही न करता परत येणे ही चूक नव्हती, आणि ती दोन वाक्ये एका श्वासात म्हटली गेली तर ऐकणारा दोन्ही चुका धरणार. म्हणून मी म्हणते की हिश्श्याविषयी प्रार्थनेत अवाक्षर नको; 'सोडला' नको आणि 'हवा' हेही नको.

शिरपूरकर : कायद्याचे मला नव्याने कळले, ते मान्य करतो. तरीही गावात राहणारा माणूस म्हणून सांगतो, हिश्श्याचे नाव न काढता बहीण दारात आली तर भाऊ पहिल्यांदा हाच विचार करील की ही आईच्या वारस नोंदीसाठी आली. न बोललेला हिस्सा बोललेल्या हिश्श्यापेक्षा जास्त खुपतो.

माजी मंडळ अधिकारी : ही शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर प्रार्थनेत शोधू नये. आखाजीच्या आठ दिवस आधी भाच्याला एवढेच कळवावे की यंदा सोसायटीच्या कागदावर सही करायला मी येते. कर्जासाठी दिलेल्या संमतीने मालकी हक्क जात नाही. मात्र कर्ज थकले तर बोजा तुमच्याही हिश्श्यावर राहील, म्हणून रक्कम वाचून सही करा आणि कोऱ्या कागदावर करू नका. वारस नोंदीचे बोलणे नंतर, आणि शक्यतो आखाजीच्या दिवशी नको.

चोपडा तालुक्याची माहेरवाशीण : सासरी मी घागर भरते ती सासरच्या पितरांची. आई-वडिलांची घागर भावाच्याच घरी भरली जाते, त्यामुळे जायचे तर तेथेच. आता लिहिले आहे ते असे :

"आई, तुझ्या पाटल्या माझ्यामुळे मोडल्या. त्या वर्षी एका सहीसाठी मी भावाला ताटकळत ठेवले आणि बोलायला यजमानांना पुढे केले. ते माझे होते, त्याचे नव्हते. तुझ्या घागरीत आज एक तांब्या पाणी मला ओतू दे. भाऊ नको म्हणाला तर मी उंबऱ्याबाहेरून हात जोडीन."

कानबाईचे नाव गेले, ते ठरवून नव्हे. लिहिताना आईच समोर आली. सहीबद्दल भाच्याला काल कळवले आहे. त्याने 'बाबांना सांगतो' एवढेच म्हटले.

पारोळ्याची सून : शेवटचे वाक्य मला अजून खटकते. उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची तयारी तुम्ही त्याला आधीच का सांगता?

रावेरचा केळीवाला : मला ते वाक्य हवे आहे. माझ्या बहिणीने असे एकदा जरी म्हटले असते, तरी मी तिला बाहेर उभी राहू दिली नसती.