कारण न लिहिता डिकी उघडली, तर बाटल्या पुराव्यात चालतात का?

चोर्ला_मार्गे: सराव पेपरातला प्रश्न. गोव्याहून येणारी खासगी कार कणकुंबीजवळ अबकारी निरीक्षकांनी खबरीवरून थांबवली. वॉरंट नव्हतं, झडतीआधी कारणही लिहिलं नव्हतं. डिकीत 750 मिलीच्या 36 बाटल्या सापडल्या. दोन पंच होते, पंचनामा चोख. शिक्षा टिकेल का? मी 'टिकेल' लिहिलं, मार्क गेले. का?

बी_रिपोर्ट: मार्क द्यायला हवे होते. अमेरिकेतलं 'विषारी झाडाचं फळ' आपल्याकडे रुजलेलं नाही. झडतीत खोट असली तरी सापडलेली वस्तू प्रकरणाशी संबंधित असेल तर ती पुराव्यात येते. राधाकिशन (1963) मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की बेकायदा झडतीला माणूस विरोध करू शकतो आणि कोर्टाने जप्तीचा पुरावा जरा जास्त बारकाईने पाहावा. डिसेंबर 1973 चा पूरणमल निकालही हेच सांगतो आणि तो तर पाच न्यायमूर्तींचा आहे. त्यापुढे काय बोलणार?

नाक्यावरचा: गॅझेटेड ऑफिसर हजर होता का ते आधी सांगा. नसेल तर केस तिथंच खलास. माझ्या ओळखीतले दोघे यावरच सुटलेत.

कोर्टकचेरी: नाक्यावरचे, तुम्ही गांजाच्या कायद्यातलं कलम 50 सांगताय. इथं दारू आहे. आणि गांजा असता तरी ते कलम अंगझडतीपुरतंच. पिशवी, डिकी, सीटखालची जागा त्यात येत नाही. पवनकुमार (2005) मध्ये हे ठरलं आणि 2023 मध्ये रंजनकुमार चढ्ढा प्रकरणात पुन्हा पक्कं झालं. ओळखीतल्या दोघांच्या खिशात माल सापडला असेल.

बी_रिपोर्ट, तुमचा सामान्य नियम बरोबर, पण या प्रश्नाला तो लागत नाही. कर्नाटक अबकारी कायदा 1965, कलम 54 उघडून बघा. वॉरंट आणायला गेलं तर आरोपी पळेल किंवा माल दडवेल असं वाटलं, तर अधिकारी 'आपल्या समजुतीची कारणं नोंदवून मग' झडती घेऊ शकतो. विनावॉरंट झडतीचा अधिकार त्या नोंदीनंतर जन्माला येतो. के. एल. सुभय्या विरुद्ध कर्नाटक राज्य (1979) हे याच कलमावरचं आहे, तेव्हा त्याचं नाव म्हैसूर अबकारी कायदा होतं. तिथंही कारच होती, निरीक्षकाने कारणं नोंदवली नव्हती. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. 'कारला कलम 54 कशाला' हा बचावही चालला नाही, कारण त्या कायद्यात 'जागा' या शब्दात वाहन येतं. पेपर काढणाऱ्याने हाच निकाल डोळ्यांपुढे ठेवलाय.

बी_रिपोर्ट: मग पूरणमल मोडला असं म्हणायचं? पाच न्यायमूर्तींचा निकाल असा बाजूला पडत नाही.

कोर्टकचेरी: मोडला नाही, त्याची हद्द आखली गेली. पूरणमल आयकराचा होता. हिशेबाच्या वह्या कशाही हातात आल्या तरी त्यातला मजकूर तोच राहतो, तो इतर पुराव्याशी ताडून बघता येतो. इथं मात्र 36 बाटल्या 'ताब्यात असणं' हाच गुन्हा आणि ताबा सिद्ध करायला झडतीशिवाय दुसरं काही नाही. बलदेवसिंग (1999), तोही पाच न्यायमूर्तींचाच, नेमकं हे बोलला. कलम 50 मोडून सापडलेला माल एवढाच बेकायदा ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि पूरणमलचा तसा अर्थ काढता येत नाही. तो निकाल गांजा-अफूच्या कायद्यावरचा आहे हे मान्य, पण तर्क इथंही तोच.

माजी_जमादार: तुमचं सगळं एसी कोर्टातलं झालं ओ. रात्री दोनला, घाटात धुक्यात, खबर आली की सहा मिनिटांत गाडी पुढं. कारणं लिहीत बसलो तर ती जांबोटी ओलांडून बेळगावात शिरते. नंतर ठाण्यात बसून नीट लिहिलं तर काय बिघडलं? माल तर खोटा नाही ना.

कोर्टकचेरी: जमादार, चार ओळी लागतात, त्याही जीपच्या बॉनेटवर लिहून होतात. खबर किती वाजता आली, कुठल्या रंगाची कार कुठून येतेय, त्यात काय असल्याचं समजलं, खानापूर कोर्टातून वॉरंट आणेपर्यंत ती का निघून जाईल. खाली वेळ आणि सही. खबऱ्याचं नाव लिहायची गरज नाही.

नंतर लिहिलेलं ओळखूही येतं. अशा नोंदीत हमखास एक वाक्य सापडतं: 'कारमध्ये विदेशी दारूच्या 36 बाटल्या असल्याची खात्री झाल्याने…' आता सांगा, डिकी उघडायच्या आधी 36 हा आकडा कुठून आला? उलटतपासात तेवढं एक वाक्य निरीक्षकांना मोठ्याने वाचायला लावलं की पुढं विचारायला फारसं उरत नाही. वेळाही जुळवून बघायच्या. खबर 2.10, नोंद 2.15, गाडी 2.20 ला थांबवली, हे पटतं. पण तीच नोंद पंचनाम्यासोबत एकाच प्रिंटरवर छापलेली असेल आणि जीपमध्ये प्रिंटर नव्हता हे साक्षीत आलं, तर ती कधी तयार झाली ते उघड आहे.

तिसरा_पंच: पंचनाम्याचं कुणी बोलेना. 'पंचनामा चोख' म्हणजे काय? आमच्या भागात तो कन्नडमध्ये टाइप होतो आणि सही करणारा पंच मराठी शाळेत शिकलेला असतो. 'मराठीत वाचून दाखवला, समजला, म्हणून सही केली' ही ओळ शेवटी नसली की पंच कोर्टात म्हणतो, काय लिहिलंय मला ठाऊक नाही, सही कर म्हणाले, केली.

कोर्टकचेरी: मुद्दा खरा, पण जात वेगळी. पंच फुटला, पंच लांबच्या गावचे निघाले, यादीची प्रत दिली नाही, या अनियमितता. तिथं बी_रिपोर्टचा राधाकिशन कामाला येतो: पुरावा राहतो, वजन घटतं, अधिकाऱ्याची साक्ष भक्कम असेल तर शिक्षाही टिकते. कारणं न नोंदवणं ही अनियमितता नव्हे, तिथं अधिकारच नसतो. म्हणून यावर खटला संपायची वाट न बघता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली धारवाड खंडपीठात जाता येतं, पंच फुटला यावर तसं जाता येत नाही.

बी_रिपोर्ट: एवढं मान्य. पण मग नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105? मोबाइलवर शूटिंग नसेल तर तेही अधिकारच संपवतं का? त्यात तर 'शॅल' आहे, म्हणजे सक्तीचा शब्द.

कोर्टकचेरी: नुसत्या 'शॅल'वर मी पैज लावणार नाही. 105 मध्ये 'या प्रकरणाखालील किंवा कलम 185 खालील' झडती असे शब्द आहेत. अबकारी निरीक्षक त्याच्या स्वतःच्या कायद्याच्या 54 खाली झडती घेतो. कलम 4 मुळे संहिता इतर कायद्यांच्या तपासालाही लागते, पण त्या कायद्यात वेगळी तरतूद असेल तर ती वरचढ. दोन्ही बाजूंनी भांडता येईल. आणि शूटिंग झडती कशी झाली ते दाखवतं, झडतीचा अधिकार देत नाही.

माजी_जमादार: माझा एक प्रश्न राहिलाच. खबर नाहीच, नाक्यावर रोजच्यासारखी प्रत्येक गाडीची कागदपत्रं बघताना काचेतून खोकी दिसली, तर? 'समजूत' आधी नव्हतीच, मग नोंदवायची काय?

कोर्टकचेरी: हा तुमचा सगळ्यात चांगला बचाव. बलबीरसिंग (1994) मध्ये, गांजाच्या कायद्याखाली, नेहमीच्या तपासणीत अचानक माल सापडला तर त्या टप्प्यापर्यंत खास तरतुदी लागत नाहीत असं धरलं होतं. अबकारीत तो किती ताणता येईल यावर माझं आणि माझ्या सीनियरचं अजून जमत नाही. खोकी दिसल्यावर डिकी उघडायच्या आधी तरी दोन ओळी लिहा, असं माझं म्हणणं.

चोर्ला_मार्गे: म्हणजे प्रश्नात 'खबरीवरून' नसतं तर माझं उत्तर वाचलं असतं?

कोर्टकचेरी: निदान भांडायला जागा होती. तुम्ही तो शब्द वाचलाच नाही. जमादारांच्या खात्याचंही तेच होतं. अचानक सापडलेल्या मालाच्या पंचनाम्याची पहिली ओळसुद्धा सवयीने 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून' अशीच लिहिली जाते.

माजी_जमादार: ती ओळ नमुन्यात आधीच छापलेली असते हो.