‘पांघरूण काढून पाहिलेस का?’ हा परीक्षेत विचारायचा प्रश्न आहे का?

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी: सिझेरियनला दोन तास झालेल्या मातेची केस मी मांडली. नाडी १२४, रक्तदाब १०४/७०, श्वसन २०; तक्रार पोटदुखीची आणि तहानेची. मी वेदनेला पहिले स्थान दिले. परीक्षकांनी केवळ ‘तिने पाणी मागितले, तेव्हा पांघरूण काढून पाहिलेस का?’ असे विचारून गुण कापले. असल्या प्रश्नांतून काय तपासले जाते?

निवृत्त प्रसूतिकक्ष सिस्टर: तुम्ही डोके वापरलेत की तक्ता भरलात, हे तपासले जाते. रक्त जात असताना बाळंतिणीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि नाडी आधी धावते. तुमच्या केसमध्ये तर नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्यालाही ओलांडून गेला होता. अशा वेळी गर्भाशय हाताला मऊ लागते का, पॅड किती भिजले आणि कमरेखाली रक्त साचले का, हे आधी पाहायचे असते. गर्भाशय मऊ असेल तर चोळत राहून तिथूनच मदतीला हाक मारायची, खाट सोडायची नाही.

सर्जिकल वॉर्डचा ब्रदर: वेदनेनेही नाडी वाढतेच, आणि १०४ हा काही शॉकचा रक्तदाब नव्हे. शिवाय ‘ओलसर वाटते का?’ असे विचारले असते, तर तिनेच सांगितले नसते का?

निवृत्त प्रसूतिकक्ष सिस्टर: स्पायनलनंतर कमरेखाली बधिर असलेली बाई काय सांगणार? तिचे ‘नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी आहे. वेदनेने नाडी वाढते हे मान्य, परंतु तेव्हा रक्तदाब सहसा खाली राहत नाही. आणि श्वसन २० हा आकडा एक मिनिट मोजून लिहिला होता की शेजारच्या खाटेवरून उतरवला होता?

सर्जिकल वॉर्डचा ब्रदर: रात्री एकटा माणूस चाळीस खाटा सांभाळतो, तेव्हा मिनिटभर छातीकडे पाहत कोण उभा राहील? आपल्या काळी माणसे होती, म्हणून आपण हे बोलू शकता.

निवृत्त प्रसूतिकक्ष सिस्टर: माणसे आमच्याही काळी नव्हती. मोजले नसेल तर रकाना कोरा ठेवावा. खोटा २० पुढच्या पाळीलाही फसवतो.

एक नवरा: माझ्या पत्नीच्या वेळी दार लावून घेतले आणि पाऊण तास कोणी एक शब्दही बोलले नाही. तुमच्या क्रमवारीत बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा क्रमांक कितवा?

निवृत्त प्रसूतिकक्ष सिस्टर: प्रश्न तो नव्हता, तरी आपला राग योग्य आहे. ‘रक्तस्राव जास्त आहे, डॉक्टर आत आहेत, रक्त लागू शकेल, येथेच थांबा’ एवढे सांगायला एक जण बाहेर पाठवता येतो.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी: श्वसन मी मोजले नव्हते, हे लिहून टाकते, आता समाधान झाले असेल. पांघरूण स्टाफने काढले, तेव्हा खालची चादर कमरेपासून मांडीपर्यंत भिजलेली होती. मात्र वेदनाशामक द्यायला उशीर झाला असता, तर तोही माझाच दोष ठरला असता ना?