मदत हवी आहे: गुरुवारच्या पाणीबंदीची सूचना कशी लिहू?

नमस्कार मंडळी. आमची पुण्यात ४० फ्लॅटची सोसायटी आहे, यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे. येत्या गुरुवारी दिवसभर पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येणार.

हिशेब केला. माणसं साधारण १६०, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला २१,६०० लिटर लागतात. खालची टाकी २० हजारांची, गच्चीवरची १५ हजारांची. तळाचा गाळ सोडला तर ३० हजार हाती येतात, म्हणजे शुक्रवार दुपारपर्यंत जेमतेम निभावेल.

पण मागच्या वेळी सूचना लागताच प्रत्येकाने पिंप, बादल्या, टब भरले आणि गुरुवारी दहालाच गच्चीवरची टाकी रिकामी! चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे प्यायलाही पाणी नव्हतं. ते मला फार लागलं.

म्हणून यंदा व्हॉल्व्ह सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ एवढाच उघडायचा विचार आहे. दुपारी ज्याला लागेल त्याने खालच्या नळावरून न्यावं. आजींच्या दोन कळश्या वॉचमन पोचवेल. पाणी नसताना नळ उघडे राहतात आणि आलं की वाहून जातं, म्हणून 'नळ बंद ठेवा' हे सूचनेत सगळ्यात वर लिहिणार.

तान्ही बाळं असलेल्या घरांना या वेळा पुरतील का? आणि शुक्रवारचं पहिलं गढूळ पाणी टाकीत जाऊ नये म्हणून तुम्ही किती वेळ सोडून देता?