'पुरेसा डेटा नाही': पुरेसा कशाला?

अनुराधा: यूट्यूब स्टुडिओवरच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. वय आणि लिंगाच्या आलेखाच्या जागी Not enough demographic data to show this report असं येतं. मी 'पुरेसा डेटा नाही' लिहिलं, संपादकांना 'माहिती अपुरी आहे' हवंय.

सदानंद: आधी 'डेटा' काढा. 'विदा' असताना उसनं कशाला?

मेघना: काका, 'विदा' वाचून लोक रुमाल काढतील. पण 'अपुरी' नकोच. अपुरी म्हटलं की फॉर्ममधला रकाना भरायचा राहिलाय असं वाटतं आणि माणूस सेटिंग शोधत बसतो. इथे चॅनलवाल्याने भरायचं काहीच नसतं.

सदानंद: बरोबर, प्रेक्षकांनीच वय दिलेलं नसतं.

मेघना: अर्धंच बरोबर. लॉग-इन न करता पाहणारे या आलेखात धरत नाहीत हे खरं. पण लॉग-इन केलेले थोडे असले तरी आलेख झाकलेलाच राहतो.

कोकणी_कट्टा: माझे ४१२ सबस्क्रायबर आहेत. १००० झाले की दिसेल ना?

मेघना: १००० ची अट कमाईसाठीची. इथे निवडलेल्या मुदतीत लॉग-इन करून किती जणांनी पाहिलं ते महत्त्वाचं. नेमका किमान आकडा यूट्यूब जाहीर करत नाही. सबस्क्रायबर ४००० असूनही महिनाभर कोणी फिरकलं नाही, तर आलेख कोराच.

अनुराधा: पण दहा जणांचं असेल तेवढं दाखवायला काय हरकत आहे?

मेघना: समजा गावच्या भजनी मंडळाचा चॅनल आहे. २८ दिवसांत लॉग-इन केलेले चारच प्रेक्षक, आणि आलेख म्हणतो: ६५ च्या पुढच्या स्त्रिया २५ टक्के. म्हणजे एकच बाई, आणि ती कोण हे मंडळाला लगेच कळणार. त्यात देशाची गाळणी लावून कुवेत निवडलं, तर नावच सांगितल्यासारखं. म्हणून थोडक्यांचा हिशेब झाकतात.

कोकणी_कट्टा: मग आम्ही कधी बघायचंच नाही?

मेघना: Analytics मध्ये Audience उघडा. वर उजवीकडे मुदत २८ दिवसांची असते, ती ३६५ दिवस करा, नाही जमलं तर Lifetime. संपूर्ण चॅनलचं बघा, एकेका व्हिडिओचं नको. प्रत्येक गाळणीने माणसं कमीच होतात. एवढं करूनही कोरं राहिलं तर वाट बघण्याखेरीज इलाज नाही.

अनुराधा: मग 'दाखवण्याइतका डेटा नाही' लिहू?

सदानंद: 'दाखवण्याइतका विदा'.

वामन: 'पुरेसा' पुरणे वरून, पुरणपोळीतलं पुरणही त्याच घरचं. पण मराठीत पुरणे म्हणजे गाडणेही. डेटा पुरत नाही असं म्हणायचं, आणि खरं तर तो पुरून ठेवलाय!

अनुराधा: वामनकाका, हे संपादकांना कसं सांगू?

सदानंद: आणि demographic चं काय केलंत? ते गाळलंतच की!