दिवाळीच्या वेळा आणि ऑफर गूगलवर नीट कशी टाकावी? (सांगली, फराळाचं दुकान)

मृण्मयी_सांगली · 3 ऑक्टोबर 2025

नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं फराळाचं दुकान आहे. चकली, भाजणी, अनारसे, करंज्या, चिवडा सगळं घरचं. गूगल मॅपवर दुकान आहे आणि मालक म्हणून लॉगिनही माझ्याकडे आहे, पण तिथे आजवर काही टाकलेलं नाही. यंदा दिवाळीच्या वेळा आणि ऑफर टाकायची आहे.

एरवीची वेळ सकाळी 9 ते दीड आणि साडेचार ते रात्री 9, सोमवारी बंद. दिवाळीत शनिवार 18 पासून सोमवार 20 पर्यंत सकाळी 8 ते रात्री 10, दुपारीही सुरू. मंगळवारी 21 ला लक्ष्मीपूजन, म्हणून 8 ते 5. पाडव्याला बंद. भाऊबीजेला 9 ते 1.

मजकूर असा लिहिलाय: "शुभ दीपावली! सर्व फराळावर 10% सूट. दिवाळीत दुकान सुरू राहील. संपर्क:" आणि पुढे मोबाइल नंबर. काय बदलू? जाहिरातीवर खर्च करायचा नाहीये, फार तर पाचशे रुपये.

किरण_पुणे

पाचशेत काही होत नाही ताई. आम्ही मागच्या वर्षी दिवाळीत बारा हजार घातले जाहिरातीवर, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. इन्स्टावर रील करा, चकली तेलात पडतानाचा आवाज घ्या. गूगलवरच्या पोस्ट कोण वाचतं? शिवाय त्या सात दिवसांत गायब होतात.

नाशिकचा_सुधीर

आमचं साड्यांचं दुकान आहे, गूगलचं सगळं मीच बघतो. मृण्मयीताई, मजकुराचं नंतर पाहू. पोस्टमध्ये वेळ लिहिली तरी मॅपवरचं "सुरू आहे / बंद आहे" बदलत नाही. ते फक्त तुम्ही भरलेल्या वेळांवरून ठरतं. पोस्टमध्ये कितीही मोठ्या अक्षरांत "सोमवारी सुरू" लिहा, 20 तारखेला लोकांना लाल अक्षरांत "बंद" दिसणारच, कारण तुमचा सोमवार कायमचा बंद म्हणून भरलेला आहे. नरकचतुर्दशीचा दिवस, अभ्यंगस्नान उरकून लोक फराळाला बाहेर पडतात, आणि मॅप त्यांना दुसऱ्याच्या दुकानात पाठवतो. उलटं पाडव्याला: बुधवार तुमचा चालू वार, म्हणून हिरवं "सुरू आहे" दिसेल आणि शटर मात्र खाली.

म्हणून आधी वेळा. स्वतःच्या लॉगिनने गूगलवर दुकानाचं नाव शोधलं की वर बटणं येतात. Edit profile, मग Hours. नेहमीच्या वेळांना हात लावू नका. खाली सणाच्या, खास दिवसांच्या वेळांचा वेगळा भाग आहे, तिथे एकेक तारीख घालून वेळ भरा. 18, 19, 20 ला एकच सलग वेळ, कारण नेहमीची दुपारची सुट्टी त्या दिवशी नाही. 22 ला बंद. ती तारीख उलटली की नेहमीचं वेळापत्रक आपोआप परत येतं, पुन्हा जाऊन काही काढावं लागत नाही.

पद्मा_मावशी

रात्री दहापर्यंत दुकान उघडं ठेवायला परवानगी आहे का बघा हो. आमच्या गल्लीत नऊला पोलीस शिट्टी मारत यायचे.

ॲड_देशमुख

मावशी, परवानगीचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानुसार दुकान चोवीस तासही उघडं ठेवता येतं. परवाच, 1 ऑक्टोबरला, शासनाने तसा खुलासाही काढलाय, मद्यविक्रीची ठिकाणं वगळून. अट एवढी की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी मिळाली पाहिजे. मृण्मयीताईंचं सोमवारचं दुकान उघडं राहणार, म्हणजे कामगारांना ती सुट्टी दुसऱ्या दिवशी द्यावी लागेल.

पद्मा_मावशी

शिट्टी मारायचे हे मात्र खरं.

किरण_पुणे

विषय कुठे चाललाय. मी सांगतो, पोस्ट सात दिवसांत जातेच. स्वतः पाहिलंय.

नाशिकचा_सुधीर

किरण, पूर्वी तसं होतं, तेव्हा तुमचं बरोबर होतं. आता साधी पोस्ट सहा महिने राहते, पण नवीन टाकली की जुनी खाली ढकलली जाते. ऑफरची पोस्ट तुम्ही दिलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत दिसते. तारीख चुकीची टाकली तर दिवाळी संपली तरी दहा टक्के सूट झळकत राहील आणि लोक येऊन मागतील.

वैशाली_डोंबिवली

माझाही अनुभव हाच, वेळ आधी. गेल्या पाडव्याला आम्ही दोघी बहिणी रिक्षा करून एका मिठाईच्या दुकानात गेलो, मॅपवर "सुरू" होतं आणि तिथे कुलूप. मी तिथल्या तिथे एक तारा दिला. मालकांनी नंतर हात जोडून उत्तर लिहिलं, पण मी तारा काढला नाही. रिक्षाचे पैसे कोण देणार?

श्री_कोल्हापूर

एक तारा जरा जास्तच झाला ताई. सणाला दुकानदारालाही घर असतं.

वैशाली_डोंबिवली

घर असू दे की. दोन मिनिटं काढून बंद लिहायचं.

श्री_कोल्हापूर

असो. मृण्मयी, नंबर काढून टाका. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही, त्यावरून पोस्ट नाकारली जाते. साध्या पोस्टला फोनचं बटण जोडता येतं, Call now निवडा, प्रोफाइलवरचा नंबर आपोआप लागतो. आणि दुकानाच्या नावात "दिवाळी फराळ ऑफर सांगली" असलं काही घुसवू नका. आमच्या शेजारच्या दुकानदाराने ऐन गणपतीत नावापुढे चार शब्द जोडले आणि प्रोफाइलच निलंबित झालं. सण संपला तरी परत आलं नव्हतं. पाटीवर आहे तेच नाव ठेवा.

अमेय_डिजिटल

पोस्टमध्ये "सांगलीतील उत्तम फराळ", "सांगली चकली" असे शब्द पाच-सहा वेळा घाला आणि हॅशटॅग द्या, म्हणजे शोधात वर याल. मी बऱ्याच दुकानांना करून देतो. तुम्हाला हवं तर महिना तीन हजारांत सगळं बघतो.

नाशिकचा_सुधीर

हॅशटॅगने वर गेलेलं मला आजवर दिसलं नाही. पोस्ट समोरचा माणूस वाचणार आहे, त्याला काय हवंय ते लिहा.

अमेय_डिजिटल

माझ्या ग्राहकांना फरक पडलाय. तुमचं साड्यांचं आहे, खाण्याचं वेगळं असतं.

मृण्मयी_सांगली

सगळ्यांचे आभार. खास वेळा आत्ताच भरल्या. पण 21 बद्दल शंका आहे. सासरे म्हणतात लक्ष्मीपूजन मंगळवारीच, दिल्लीची नणंद म्हणते सोमवारी. कुठली तारीख धरू? आणि ऑफर कशी लिहू?

नाशिकचा_सुधीर

तुमचे सासरे बरोबर आहेत आणि नणंदही. यंदा उत्तरेत बऱ्याच ठिकाणी 20 ला दिवाळी आहे, आपल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन 21 ला, आणि महाराष्ट्र शासनाची लक्ष्मीपूजनाची सुट्टीही 21 लाच. म्हणूनच म्हणतो, तयार यादीतून नुसतं "दिवाळी" निवडून वेळ पक्की करू नका, त्यासमोरची तारीख वाचा. चुकून 20 ला 8 ते 5 पडलं, तर नरकचतुर्दशीची अख्खी संध्याकाळ तुम्ही "बंद".

ऑफरसाठी Add offer हा वेगळा प्रकार आहे. त्यात शीर्षक आणि सुरू-शेवट तारखा द्याव्याच लागतात. शीर्षकाला 58 ची मर्यादा आहे आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. तुमचं "सर्व फराळावर 10% सूट" बसेल, पण कशावर, किती घेतल्यावर, कधीपर्यंत हे वाचणाऱ्याला कळत नाही. समजा सूट आगाऊ नोंदणीवर द्यायची आहे, तर शीर्षक "फराळाच्या आगाऊ नोंदणीवर 10% सूट", तारखा 6 ते 15 ऑक्टोबर. खाली मजकुरात: "किमान 2 किलो. निम्मी रक्कम नोंदणीवेळी. माल 17 आणि 18 ला दुकानातून न्यायचा." अटींची वेगळी जागा आहे तिथे "अनारशांवर सूट नाही" असं जे असेल ते. पैसे देताना वाद व्हायचा तो इथेच मिटतो.

वेळांची पोस्ट मात्र वेगळी, साधी, Add update मधून. ऑफर 15 ला संपली की ती पोस्ट जाते, आणि वेळा त्याच पोस्टमध्ये असल्या तर नेमक्या दिवाळीत त्याही जातील.

किरण_पुणे

फोटो विसरलात सगळे. सोनेरी बॉर्डरवाला बॅनर करून घ्या, पाचशेत होतो.

श्री_कोल्हापूर

बॅनर नको. मोबाइलवर कडा कापल्या जातात, "10%" मधला एक उडतो आणि उरतं "0%". दुकानातल्या ताटाचा आडवा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, मधोमध चकल्या. अक्षरं लिहायचीच तर मजकुरात लिहा, फोटोवर नाही.

वैशाली_डोंबिवली

खरंय, फोटोवर अक्षरं असली की मी पुढे सरकते. चकली दिसली की थांबते.

मृण्मयी_सांगली · 6 ऑक्टोबर

सासऱ्यांशी बोलले. सूट द्यायची नाही असं ठरलं. ते म्हणाले, भाजणी दरवर्षी धनत्रयोदशीलाच संपते, दोन भट्ट्यांवर याहून जास्त माल निघत नाही, मग दहा टक्के कुणाला आणि कशासाठी? मलाही पटलं. त्यामुळे ऑफरची पोस्ट नाही. साधी पोस्ट टाकली, Call now सह, फोटो परातीतल्या चकल्यांचा:

"दिवाळीच्या वेळा. शनि 18, रवि 19, सोम 20 ऑक्टोबर: सकाळी 8 ते रात्री 10, दुपारीही सुरू. मंगळ 21 (लक्ष्मीपूजन): 8 ते 5. बुध 22 (पाडवा): बंद. गुरु 23 (भाऊबीज): 9 ते 1. अनारसे फक्त नोंदणीवर, शेवटची तारीख 14. नोंदणी फोनवर किंवा दुकानात."

अमेयदादा, हॅशटॅग नाही घातले. किरणदादा, रीलचं बघते, भाचा करेल म्हणतोय.

नाशिकचा_सुधीर

छान. 17 ला रात्री दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, लॉगिन नसलेल्या, सगळ्या तारखा एकदा बघून घ्या. बघणारे लोकही वेळ बदलायची सूचना पाठवू शकतात, आणि कुणी "सोमवारी बंद असतं" असं कळवलं तर त्याची मेल तुम्हाला येईल, ती दुर्लक्षू नका.

अमेय_डिजिटल

सूट न देणं चूक आहे, पण तुमची मर्जी.

पद्मा_मावशी

मृण्मयी, अनारसे किलोने की नगावर? माझी बहीण विश्रामबागला राहते, तिला अर्धा किलो हवेत.