ज्युनिअरचा मेमो तपासताना आधी काय बघायचं?

सह्याद्री_वकील (मूळ मत): ज्युनिअरचा रिसर्च मेमो तपासायला मला पाच मिनिटं पुरतात. निकाल किती आहेत आणि ताजे आहेत का, एवढंच बघतो. सल्ला द्यायचं काम सिनिअरचं. परवा एकीने शेवटी 'आता काय करावं' असं पानभर लिहून आणलं, मी ते पान फाडून मेमो परत दिला. कुणाचं मत वेगळं आहे का?

पंचगंगा: माझं आहे. फाडलेल्या पानाचं वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय.

गेल्या वर्षी इचलकरंजीचा एक सूत व्यापारी आला. त्याच्याकडे एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ६ लाख ४० हजारांचा चेक होता, तारीख ३ फेब्रुवारी. शिल्लक नाही म्हणून परत आला, बँकेचा रिटर्न मेमो १२ फेब्रुवारीला हातात पडला. कुणीतरी घाईने २० तारखेला नोटीस धाडली होती, पण ती चेकवर सही करणाऱ्या डायरेक्टरच्या एकट्याच्या नावाने आणि त्याच्या घरच्या पत्त्यावर. कंपनीला नोटीसच नव्हती. कागद माझ्याकडे ६ मार्चला आले. ज्युनिअरला म्हटलं, बघ, केस चालते का.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने १४ पानं आणली, १९ निवाडे. मुद्दा काय काढला होता? 'कलम १३८ खालील फिर्याद चालण्यास पात्र आहे काय?' हा प्रश्न चेकच्या कुठल्याही फाइलवर चिकटवता येतो. या फाइलचा प्रश्न वेगळा होता: चेक कंपनीचा, नोटीस डायरेक्टरला, तर मागणी कंपनीला पोचली असं धरतील का? आणि नाही धरलं, तर चूक सुधारायला दिवस उरलेत का?

आता निवाडे. त्याने बिलकचंद (१९९९) आणि रजनीश अगरवाल (२००१) लावले. तिथे सही करणाऱ्या डायरेक्टरच्या नावे नोटीस होती आणि सुप्रीम कोर्टाने तेवढ्यावरून फिर्याद बाद होऊ दिली नाही. तेव्हा निष्कर्ष, 'केस चालेल'. हिमांशू वि. शिवमूर्ती (२०१९) त्याला सापडला होता, पण अकराव्या पानावर तळटीपेत ढकललेला, पुढे दोनच शब्द: 'तथ्ये वेगळी'. मी विचारलं, काय वेगळी? गप्प. हिमांशूमध्ये कंपनीला नोटीस नव्हती आणि तिला आरोपीही केलं नव्हतं, आणि मागाहून जोडून घेता येणार नाही असं कोर्ट म्हणालं. हा फरक चार ओळींत मांडला असता तर ते विश्लेषण झालं असतं. आपल्या विरुद्धचा निवाडा तळटीपेत लपवला की समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला वर काढतो.

सर, तुमच्या 'ताजे' कसोटीने हिमांशू जिंकतो, म्हणजे केस बुडाली. संख्येच्या कसोटीने जुने दोन जिंकतात, म्हणजे केस तरली. दोन्ही उत्तरं अशिलाच्या उपयोगाची नाहीत. रिटर्न मेमो १२ फेब्रुवारीचा. तो दिवस सोडून नोटिशीचे तीस दिवस मोजा, १४ मार्च येतो. कागद आले त्या दिवशी आठ दिवस शिल्लक होते! कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नवी नोटीस टाकली की बिलकचंद का हिमांशू हा वादच उरत नाही. आणि तेही हुकलं असतं तरी चेकच्या वैधतेचे तीन महिने संपले नव्हते. पुन्हा भरायचा, पुन्हा परतला की नव्याने तीस दिवस. एमएसआर लेदर्सच्या निवाड्यापासून (२०१२) ते चालतं.

त्याच्या मेमोत शेवटची ओळ होती: 'अशिलाने योग्य ती कायदेशीर कारवाई करावी.' सगळ्या तारखा दुसऱ्या पानावर त्यानेच लिहिलेल्या होत्या, फक्त बेरीज केली नव्हती. मी ७ मार्चला कंपनी आणि डायरेक्टर दोघांना नोटीस काढली. मॅटर चालू आहे, पण नोटिशीचा मुद्दा समोरच्याकडे उरला नाही. मी मेमो शेवटच्या पानापासून तपासते ते यामुळे. तुम्ही नेमकं तेच पान फाडता.

सह्याद्री_वकील: मॅडम, तारखा मोजणं हे माझ्या ऑफिसात कारकून करतो. आणि ज्युनिअरचा सल्ला चुकला तर अशील माझ्या दारात येतो, त्याच्या नाही. तीस वर्षं झाली कोर्टात, मला शिकवू नका. मूळ दुखणं आहे हेडनोटची चोरी. निवाडा कुणी उघडत नाही, वरचा सारांश तेवढा चिकटवतात.

पंचगंगा: हेडनोटबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी परिच्छेद क्रमांक मागते. पण फक्त संख्या मोजणाऱ्याला हेडनोटच मिळणार, कारण १९ निवाडे एका रात्रीत कुणी वाचत नाही.

मुदतवाला: एवढी घाबरगुंडी कशाला? कलम १४२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने उशीर माफ करायची तरतूद आलीय. अर्ज द्यायचा, कारण सांगायचं, कोर्ट माफ करतं. मी स्वतः दोनदा करून घेतलंय.

पंचगंगा: तुमच्या दोन्ही केसेसमध्ये फिर्याद उशिरा होती की नोटीस?

मुदतवाला: फिर्याद. एकदा ४० दिवस, एकदा २२.

पंचगंगा: मग ठीक. ती माफी फिर्यादीच्या एका महिन्यापुरती आहे. नोटिशीच्या तीस दिवसांना ती लागत नाही. ज्युनिअरने 'उशीर माफ होऊ शकतो' असं मोघम लिहिलं आणि सिनिअरने तसंच पुढे ढकललं, तर अशील १५ मार्चला हात चोळत बसतो.

मुदतवाला: बरं, नोटिशीचं मान्य. पण माझं म्हणणं अर्धं तरी बरोबर होतं.

जुना_कोट: 'ताजे' वरून माझी एक जखम. ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ राठोडचा निकाल आला. चेक काढणाऱ्याची बँक जिथे, तिथेच केस. माझ्या सांगलीच्या अशिलाची फिर्याद परत मिळाली, ती दिल्लीला नेऊन दाखल केली. जून २०१५ मध्ये वटहुकूम आला, नंतर कायदा बदलला, आणि ज्याने खात्यात चेक भरला त्याच्या बँकेच्या जागी केस चालायला लागली. अशील मला म्हणाला, साहेब, माझ्या पैशांपेक्षा रेल्वेचं तिकीट जास्त झालं. आजही मेमोंमध्ये दशरथ राठोड 'तीन न्यायाधीशांचा निवाडा' म्हणून येतो. निवाडा कुणी उलटवलेला नाही, संसदेने खालची जमीन काढून घेतली. हे निवाड्याच्या तारखेवरून कळत नाही, कलम १४२ चा आजचा मजकूर उघडावा लागतो.

दुसरं_वर्ष: उघडायला साधनं तरी द्या. मी नागपुरात ज्युनिअर आहे. ऑफिसात एकही सशुल्क डेटाबेस नाही, महिन्याला ६ हजार मिळतात, त्यात घरभाडं. रात्री अकराला मेसेज येतो, 'सकाळी मेमो हवा'. मग सकाळी हेडनोट का चिकटवली म्हणून ओरडा. बार कौन्सिलने २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंडची शिफारस केली. इथल्या किती साहेबांनी ती पाळली?

सह्याद्री_वकील: शिफारस आहे, सक्ती नाही. आम्ही तर पहिली तीन वर्षं एक पैसा घेतला नाही, उलट सिनिअरची बॅग उचलली.

दुसरं_वर्ष: तुमच्या घरी शेती होती म्हणून उचलली असेल. माझ्या वडिलांची रिक्षा आहे. बॅग उचलणं आणि उपाशी राहणं एकच नाही.

जुना_कोट: ती बरोबर बोलतेय. मीही फुकट राबलो आणि माझ्याबरोबरचे दोन जण वकिली सोडून गेले. ते माझ्याहून हुशार होते.

मुदतवाला: साधनांचं रडगाणं मात्र पटत नाही. सुप्रीम कोर्टाचा ई-एससीआर हा निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह २०२३ पासून फुकट आहे. इंडियन कानूनवर निवाड्याखाली तो पुढे कुठे वापरला तेही दिसतं.

दुसरं_वर्ष: दिसतं, आणि दोनशे निकाल दिसतात. त्यातला कुठला मारक हे ठरवायला वेळ लागतो, आणि वेळ विकत घ्यावा लागतो. मी चार निवाडे पूर्ण वाचून दिले की 'एवढेच?' विचारतात. मग मी पंधरा लावते. सर, तुमच्याकडच्या मुलीनेही असंच केलं असणार.

सह्याद्री_वकील: माझ्या ऑफिसचा विषय काढू नका.

पंचगंगा: सर, विषय तुम्हीच काढलात. त्या पानावर काय लिहिलं होतं तेवढं सांगा.

सह्याद्री_वकील: भाडेकरूचा मॅटर होता. तिने लिहिलं होतं की दावा लावण्याआधी थकबाकीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेलीय, ती दुरुस्त करून पुन्हा द्या. मला ते आगाऊपणाचं वाटलं.

जुना_कोट: आणि नोटीस खरंच जुन्या पत्त्यावर गेली होती?

सह्याद्री_वकील: गेली होती. उद्या ते पान पुन्हा मागवतो. पण सल्ला मेमोत वेगळ्या शीर्षकाखाली हवा आणि त्यावर 'सिनिअरच्या विचारार्थ' असं हवं. यावर मी हटणार नाही.

पंचगंगा: शीर्षक हवं ते द्या.

जुना_कोट: मॅडम, एक शंका राहिली. समजा १४ मार्च गेला असता आणि चेकचे तीन महिनेही गेले असते. मग काय सांगितलं असतं?

पंचगंगा: कंपनीला पहिला आरोपी करून फिर्याद दाखल केली असती, बिलकचंद आणि रजनीशवर उभी राहिले असते, आणि हिमांशूमुळे हरण्याचा धोका अशिलाला लेखी कळवला असता. सोबत पैशासाठी दिवाणी दावा.

जुना_कोट: मी फक्त दिवाणी दावा लावला असता. डायरेक्टरच्या घरी, वैयक्तिक नावाने गेलेली नोटीस कंपनीची म्हणून मी कोर्टापुढे मांडू शकलो नसतो. इथे आपलं जुळणार नाही.

किराणा_भुसार: मी वकील नाही. माझा ८० हजारांचा चेक ५ जानेवारीचा, ९ ला परत आला. वकील म्हणाले बघू बघू, नोटीस दिलीच नाही. आज २४ मार्च. तुमचं वाचून धडधडतंय. माझे पैसे गेले का?

पंचगंगा: दादा, ९ जानेवारीच्या परताव्यावर आता नोटीस देता येणार नाही. पण चेक ५ जानेवारीचा आहे, तीन महिने व्हायचेत. उद्याच तुमच्या खात्यात पुन्हा भरा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. परतला की रिटर्न मेमो मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात नोटीस काढा. चेक हुकलाच तर दिवाणी दावा आहे, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

किराणा_भुसार: उद्या दहाला बँकेत जातो. नोटीस कंपनीच्या नावे काढायची ना, तुम्ही वर म्हणालात तशी? चेकवर 'श्री गणेश ट्रेडर्स' असा शिक्का आहे आणि 'प्रोप्रायटर' लिहून सही आहे.

पंचगंगा: नाही. प्रोप्रायटर असेल तर दुकान आणि माणूस एकच. त्या माणसाच्या नावे काढा आणि पुढे 'श्री गणेश ट्रेडर्सचे प्रोप्रायटर' असं लिहा. पण शिक्क्यावर विसंबू नका, जीएसटी नंबरवरून भागीदारी तर नाही ना, ते आधी बघून घ्या.