मदत हवी आहे: टायफॉइड म्हणतात, पण कल्चर निगेटिव्ह. औषध किती दिवस?

मृण्मयी_क
धाकट्या भावाला (वय 26) आठवडाभर ताप होता, संध्याकाळी 103 पर्यंत जायचा. मग पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. सगळ्यांना अपेंडिक्स वाटलं, पण सोनोग्राफीत ते नॉर्मल निघालं. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजलाय आणि आजूबाजूच्या गाठी वाढल्यात. विडाल 1:160. कल्चर निगेटिव्ह, मात्र रक्त घेण्याआधी दोन दिवस सेफिक्झिमच्या गोळ्या चालू होत्या. आता सेफ्ट्रायॅक्झोनचा चौथा दिवस, ताप अजून 101 पर्यंत येतोच. औषध लागू पडत नाहीये का?

शंकासुर
विडालवर जाऊ नका, ती लस घेतलेल्यांचीही पॉझिटिव्ह येते. कल्चर हीच खरी टेस्ट. ती निगेटिव्ह म्हणजे टायफॉइड नाही, उगाच इंजेक्शनं कशाला?

डॉ_निवृत्त
विडालबद्दल बरोबर, पुढचं नाही. अँटिबायोटिक आधी न घेताही रक्ताचं कल्चर साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू दाखवतं. दोन दिवस गोळ्या झाल्यावर ते कोरं येणं साहजिक आहे. बोन मॅरो कल्चर औषध सुरू असतानाही बऱ्याचदा उगवतं, पण ते दुखरं काम, अडल्यावरच करतात.

पोटाचं म्हणाल तर हे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच ठाण मांडतात, म्हणून दुखणं अपेंडिक्ससारखं वाटतं. ताप उतरायला योग्य औषधावरही चार-सहा दिवस लागतात. 103 चा 101 झालाय, तेव्हा आज घाईने औषध बदलायची गरज दिसत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन सहसा 10 ते 14 दिवस देतात.

मला काळजी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची वाटते. पोट एकदम जोरात दुखलं, फळीसारखं कडक झालं, किंवा शौच काळी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल. आतड्याला भोक पडलेलं किंवा आतून रक्त जात असू शकतं.

आजीचा_बटवा
माझ्या मुलाला अझिथ्रोमायसिनवर सातच दिवसांत बरं वाटलं होतं. 14 दिवस जरा जास्तच वाटतात.

डॉ_निवृत्त
अझिथ्रोमायसिनचा कोर्स 7 दिवसांचा असतो, बरोबर. पण ते औषध वेगळं, त्याचे दिवस याला लावू नका.

पुन्हा_ताप
मी ताप गेल्यावर गोळ्या आपणहून सोडल्या. जेमतेम तीन आठवड्यांनी सगळं पुन्हा सुरू!

मृण्मयी_क
आभार डॉक्टरकाका. शौच नेहमीसारखीच आहे, पोट मऊ आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, सातव्या दिवशीही ताप राहिला तर आतड्याचा टीबी तपासू. दोन्हींत सोनोग्राफी अशीच दिसते का?

डॉ_निवृत्त
हो, दिसू शकते. टीबीत मात्र सहसा वजन घटतं आणि दुखणं आठवड्यांचं नाही, महिन्यांचं असतं. त्याचं वजन आधीपासून कमी होत होतं का?

मृण्मयी_क
कपडे सैल झालेत, पण आधीपासून की आता, हे घरात कुणालाच सांगता येत नाहीये.